मार्जिन २ इंच लिहिलंय, तरी ३६ चा ब्लाऊज ३८ ला का होत नाही?

ही तक्रार नेहमीची आहे. लिस्टिंगवर लिहिलेलं असतं: ‘साइझ ३६, मार्जिन २ इंच, ४० पर्यंत अल्टर होतो, पॅडेड, बाही १० इंच.’ ब्लाऊज घरी येतो, ३८ छातीची बाई तो घालते आणि मधला हुक लागत नाही. टेलरकडे नेला की तो ब्लाऊज उलटा करून बगलेतली शिवण बघतो आणि म्हणतो, ‘यात सोडायला काही नाही.’ विकणारा म्हणतो मार्जिन आहे, टेलर म्हणतो नाही, आणि बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. माप कुठून कुठपर्यंत घेतलं हे त्या ओळीत लिहिलेलंच नसतं, त्यामुळे प्रत्येक आकड्याचे दोन-दोन अर्थ निघतात.

खाली जे दिलंय ते न ताणणाऱ्या कापडाच्या, अस्तर लावलेल्या ब्लाऊजसाठी आहे: खण, पैठणी, ब्रोकेड, सिल्क, कॉटन. लायक्राच्या ताणल्या जाणाऱ्या ब्लाऊजला हा हिशोब लागू नाही. तो अंगापेक्षा लहानच शिवलेला असतो.

३६ नक्की कशाचे?

काही विक्रेते ३६ म्हणजे ‘३६ छाती असलेल्या बाईला होणारा’ असं धरतात. मग तयार ब्लाऊज ३७ च्या आसपास भरतो. काहींचा ३६ म्हणजे शिवून झालेल्या ब्लाऊजचंच माप असतं. तो ३६ छातीला अगदी अंगाला चिकटून बसेल आणि हात वर केला की हुकांवर ताण येईल. न ताणणाऱ्या कापडात अंगाच्या मापापेक्षा निदान १ इंच जास्त लागतो, जाड ब्रोकेड असेल तर दीड.

तिसरा घोटाळा घेणाऱ्याच्या बाजूने होतो. ब्राचा नंबर ३४ म्हणून ब्लाऊजही ३४ मागवला जातो. ब्राचा आकडा हा छातीखालच्या पट्ट्याचा असतो, आणि पुढचं अक्षर सांगतं की छाती त्याहून किती जास्त आहे. एकेका अक्षराला साधारण १ इंच. म्हणजे ‘३४ सी’ घालणाऱ्या बाईची छाती ३७ च्या आसपास निघते. तिने ३४ चा ब्लाऊज मागवला तर दोष मार्जिनचा नाही.

म्हणून साइझच्या आकड्यावर न जाता एकच प्रश्न विचारायचा: ‘सगळे हुक लावून ब्लाऊज सपाट ठेवला तर एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत किती इंच भरतो?’ उत्तर १८ आलं तर तयार छाती ३६, १९ आलं तर ३८. हुक लावूनच मोजायला सांगा. हुक न लावता मोजलं तर पुढच्या पट्ट्या एकमेकींवर चढत नाहीत आणि माप पाऊण-एक इंच फुगून येतं.

मार्जिनचं गणित

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बगलेच्या शिवणीत दोन थर असतात, पुढचा भाग आणि पाठ. बगला दोन, म्हणून थर चार. टीप पाव इंच बाहेर सरकवली तर छातीत पाव इंच वाढत नाही, चौपट म्हणजे १ इंच वाढतो. चांगल्या रेडिमेड ब्लाऊजमध्ये बगलेत पाव पाव इंचावर दोन-तीन समांतर टीपा मारलेल्या असतात, त्या यासाठीच. दोन्ही बाजूंची आतली एक-एक टीप उसवली की ब्लाऊज १ इंचाने सैल होतो.

आता ‘मार्जिन २ इंच’ म्हणजे काय ते बघा. एक अर्थ असा की शिवणीपासून कापडाच्या कडेपर्यंत प्रत्येक थराला २ इंच जादा कापड, म्हणजे दाब, आहे. हे फार क्वचित असतं, कारण बगलेत एवढं कापड गोळा होऊन जाड लागतं. दुसरा अर्थ, एका बगलेत दोन थर मिळून २ इंच, म्हणजे प्रत्येक थराला १ इंच. तिसरा अर्थ, सगळं उसवल्यावर एकूण छाती २ इंच वाढते. पहिल्या अर्थाने ब्लाऊज ६ इंचांनी वाढेल, दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाने फक्त २ इंचांनी.

६ आणि २ हे आकडे कसे आले? दाब पूर्ण वापरता येत नाही. नवी टीप कडेपासून निदान अर्धा इंच आत हवी, नाहीतर ब्रोकेड आणि टिश्यूसारखी कापडं टिपेवरूनच विरतात. म्हणून प्रत्येक थरातून अर्धा इंच वजा करायचा आणि उरलेल्याला चारने गुणायचं. दाब २ इंच असेल तर दीड गुणिले चार, ६. दाब १ इंच असेल तर अर्धा गुणिले चार, २.

अजून एक गोष्ट आहे, आणि टेलर ‘काही नाही’ म्हणतो ते बहुतेक वेळा हिच्यामुळे. वरच्या कापडाला दीड इंच दाब ठेवलेला असतो, पण अस्तर मात्र शिवणीला लागून अर्ध्या इंचावर कापलेलं असतं. विकणाऱ्याने वरचं कापड मोजलं, ते खोटं नाही. पण अस्तराशिवाय नुसतं वरचं कापड बाहेर सोडलं तर पूर्ण ताण त्याच्यावर येतो आणि जरीचं कापड काही वापरांतच फाटतं. तेव्हा दाब मोजताना अस्तर आणि कापड यांतलं जे कमी, तेच खरं मार्जिन.

दाब सगळीकडे सारखाही नसतो. छातीच्या रेषेवर सव्वा इंच, खाली कमरेच्या पट्टीशी पाऊण, आणि काखेच्या टोकाशी कात्रीने चीर दिलेली, असं वरचेवर दिसतं. मागवताना बगलेच्या शिवणीचा आतून, टेप ठेवून काढलेला फोटो मागा: काखेपासून खालच्या पट्टीपर्यंत पूर्ण शिवण दिसली पाहिजे. असा फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर मार्जिन शून्य धरून साइझ निवडणं शहाणपणाचं.

मार्जिन कुठे पोचत नाही

बगल सोडली की छाती आणि कंबर वाढते, मुंढाही थोडा वाढतो. बाकी काहीही हलत नाही. शोल्डर तेवढाच राहतो, गळा तेवढाच, उंची तेवढीच. आणि टक्सची टोकं किंवा कटोरी जिथे होती तिथेच राहतात. त्यामुळे ब्लाऊज आपल्या मापापेक्षा दोन साइझ लहान घेऊन पूर्ण मार्जिन सोडला, तर हुक लागतो खरा, पण टक्सची टोकं मध्याकडेच राहतात, छातीचा उभार टोकांच्या बाहेर जातो आणि पुढे कापडाला आडव्या चुण्या पडतात. ‘३६ ते ४२ सगळ्यांना होईल’ असं लिहिलेली लिस्टिंग म्हणूनच सोडून द्यावी. एकाच कटिंगमधून ४ इंचांच्या वर चांगलं फिटिंग मिळत नाही, आतमध्ये कितीही कापड असो.

प्रिन्सेस कट असेल तर ‘उभ्या शिवणीतूनही वाढवू’ या आशेवर राहू नका. ती शिवण छातीवर गोल वळते, आणि वळण नीट बसावं म्हणून तिथल्या दाबाला चिरा दिलेल्या असतात. उसवली की चिरा बाहेर दिसतात.

घालून बघताना दोष कुठे आहे हे चुण्यांवरून कळतं. दोन हुकांच्या मधे पट्टी डोळ्यासारखी उघडत असेल आणि छातीपासून बगलेकडे आडव्या रेघा जात असतील, तर छाती कमी पडतेय. बगल सोडून हे सुटेल. छाती बरोबर आहे पण काखेत काचतंय, हात पुढे केला की पाठ ओढली जाते, तर मुंढा लहान आहे. तिथे टेलर बाही काढून मुंढा खालून पाव इंच खोल करून देतो. त्याहून जास्त खोल करायला सांगू नका. मुंढा फार खाली गेला की हात वर केल्यावर बाहीबरोबर अख्खा ब्लाऊजच वर चढतो. आणि टक्सच्या टोकाशी रिकामी पोकळी दिसत असेल तर दोष कटिंगचा आहे, न उसवता परत पाठवलेला बरा.

मागून हुक असलेल्या ब्लाऊजमध्ये एक सोय असते. हुकाची आतली पट्टी रुंद करून अर्धा ते पाऊण इंच मिळवता येतो आणि बगलेला हातही लावावा लागत नाही. फक्त पाठीवर गळ्याची डिझाइन किंवा बुट्टा मध्यावर असेल तर तो सरकलेला दिसतो.

पॅड जागा खातो

‘पॅडेड’ लिहिलं की छातीचं माप पॅड धरून आहे की पॅड सोडून, हे कोणी सांगत नाही. बाहेरून सपाट ठेवून मोजलेला ब्लाऊज १८ इंच भरतो, पण आत ८ मिलिमीटर जाडीचे कप असतील तर अंगासाठी उरलेली जागा अर्धा-पाऊण इंचाने कमी होते. वर पॅडवाली ब्रा घातली तर आणखी कमी. ‘मागच्या वेळी याच दुकानाचा ३६ झाला होता, हा होत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी दोन्ही ब्लाऊजमधले पॅड बघा.

पॅडेड ब्लाऊजसाठी छाती मोजताना तो ज्या पद्धतीने घालणार त्याच पद्धतीने मोजा. ब्रा घालणार असाल तर ब्रासकट मोजा आणि हिशोबात पॅडसाठी अर्धा इंच वेगळा धरा.

कप अस्तर आणि कापड यांच्या मधे शिवलेले असतील तर ते हलवता येत नाहीत, आणि बगल सोडल्यावर तेही टक्ससारखेच जागच्या जागी राहतात. कपची बाहेरची कडा मग छातीच्या मधोमध येते आणि कापडावर अर्धगोल रेघ उमटते. पॅडेड ब्लाऊज २ इंचांहून जास्त वाढवायचाच नाही, हा नियम पाळावा. कप काढता येणारे असतील तर टेलरला अस्तराची शिवण खालून दोन-तीन इंच उसवून ते बाहेर काढायला सांगता येतं. परत बसवताना कपला तीन ठिकाणी, वर एक आणि खाली दोन, हाताने टाके घालून घ्यावेत. एकाच टाक्यावर अडकवलेला कप पहिल्या धुण्यात दुमडतो आणि पिळला की कायमचा वाकडा होतो.

बाही: लांबी लिहितात, घेर लिहीत नाहीत

बाहीची लांबी शोल्डरच्या शिवणीपासून बाहेरच्या बाजूने मोजायची असते. काखेच्या शिवणीपासून मोजली तर तीच १० इंचांची बाही ७ च्या आसपास भरते. फोटोतल्या मॉडेलच्या कोपरापर्यंत बाही दिसते आणि आपल्याला कोपराच्या दोन बोटं वर येते, यात नेहमीच फसवणूक असते असं नाही. शोल्डर अर्धा इंच रुंद असेल तर बाही अर्धा इंच खाली उतरते, एवढा साधा मामला असतो.

लांबीपेक्षा जास्त अडतं ते घेरामुळे, आणि तो लिस्टिंगमध्ये नसतोच. बाहीच्या टोकाचा घेर सपाट मोजून दुप्पट करायला सांगा. आपला दंड बाही जिथे संपते तिथेच मोजा. कोपराजवळ आणि काखेजवळ दंडाच्या मापात दोन-अडीच इंचांचा फरक सहज असतो. आकड्यांत घेर दंडापेक्षा अर्धा इंच तरी जास्त हवा.

सोडायच्या वेळी लक्षात ठेवा, बाहीला शिवण एकच. तिथे थर दोन, म्हणून पाव इंच सोडला की अर्धाच इंच मिळतो. अंगात ४ इंच वाढणाऱ्या ब्लाऊजची बाही २ इंचच वाढते.

खण आणि पैठणीत एक खास अडचण आहे. बाहीच्या टोकाला काठ आलेला असतो. तिथे आत दुमडलेलं कापड नसतं, त्यामुळे बाही खालून वाढवता येत नाही. आखूड करायची तरी काठ कापून चालणार नाही, बाही मुंढ्यातून काढून वरून कापावी लागते आणि वरचं वळण नव्याने द्यावं लागतं. हे काम साध्या अल्टरच्या दरात होत नाही.

‘बाही आत दिली आहे’ असं लिहिलेले बिनबाहीचे ब्लाऊज येतात. आत टाचलेले दोन तुकडे ५-६ इंचांचे असतात. बिनबाहीचा मुंढा मात्र काखेजवळ वर आणि शोल्डरला अरुंद कापलेला असतो, तिथे नुसती बाही जोडली तर ती ओढते. बाही लावायचीच असेल तर मुंढा पाव इंच खोल करूनच लावून घ्या.

एक हिशोब पूर्ण करून बघू

छाती ३८, ब्लाऊजची खालची पट्टी येते तिथलं अंगाचं माप ३३, दंड बाहीच्या टोकाशी सव्वाबारा. ब्लाऊज साधा घालायचा आहे, पॅड काढून. लागणारी तयार छाती ३८ अधिक १, म्हणजे ३९. खाली ३४ पुरेल. बाहीचा घेर पावणेतेरा.

वरच्या लिस्टिंगमधल्या ३६ ची चौकशी केली. सपाट १८, म्हणजे तयार ३६. छातीजवळ कापडाचा दाब सव्वा इंच, अस्तराचा १. धरायचा १. अर्धा वजा, उरला अर्धा, चारने गुणला, २ इंच. म्हणजे सगळं सोडून ब्लाऊज ३८ होणार. अंगाचं मापही ३८ आहे. हुक कसाबसा लागेल, श्वास घेता येणार नाही. ‘४० पर्यंत’ हा आकडा विक्रेत्याने अगदी कडेला लागून टीप मारता येईल असं धरून काढलेला आहे.

त्याच ब्लाऊजचा ३८ बघितला. सपाट १९, तयार ३८, दाब तेवढाच. छातीला १ इंचच वाढवायचा आहे, म्हणजे प्रत्येक बगलेत पाव इंचाची एक टीप. खाली पट्टीशी सपाट साडेसोळा, म्हणजे ३३. तिथे अस्तराचा दाब पाऊण, वापरता येणार पाव, चार थरांत १ इंच. ३४ बरोबर होतात. बाही टोकाला सपाट ६, म्हणजे १२. पाव इंच सोडून साडेबाराच होतील, कमी पडतील. बाहीचा दाब १ इंच असेल तर टोकाशी अर्धा इंच सोडायचा आणि वर येत येत काखेपाशी पाव इंचावर आणायचं. घेर १३ होतो. काम जमलं, आणि ३८ चेच टक्स ३८ छातीला बरोबर बसतात हा फायदा वेगळा.

उसवताना

आधी उसवून मग टीप मारू नका. क्रम उलटा ठेवा. ब्लाऊज उलटा करून नवी रेघ खडूने आखा: बाहीच्या टोकापासून काखेतून खालच्या पट्टीपर्यंत एकच सलग रेघ. तिच्यावर नवी टीप मारा, दोन्ही टोकांना मागेपुढे करून पक्की करा, आणि त्यानंतरच आतली जुनी टीप काढा. यामुळे चारही थर जागेवर राहतात, मुंढ्याची शिवण काखेत समोरासमोर येते, आणि अस्तर सरकत नाही.

हे जमायला बाही आधी जोडून नंतर बगल शिवलेली असावी लागते. आपल्याकडे बहुतेक ब्लाऊज तसेच शिवतात. काखेत बघा: बाहीची आणि अंगाची शिवण एका रेषेत सलग जात असेल तर काम सोपं आहे. बाही गोलाकार वेगळी बसवली असेल तर काखेत दोन-दोन इंच मुंढाही उसवावा लागतो. खालची पट्टी बगल शिवल्यानंतर दुमडली असेल तर तीही दोन्ही बाजूंना इंचभर उघडावी लागेल.

जुन्या टिपेच्या सुईची भोकं कॉटनवर ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली की बुजतात. साटन, टिश्यू आणि कडक सिल्कवर ती राहतात. सिल्कवर पाणी मारायला जाऊ नका, डाग पडेल. धुतलेला ब्लाऊज सोडला तर आतलं न विटलेलं कापड बाहेर येऊन गडद पट्टा दिसतो, म्हणून सोडायचं काम पहिल्या धुण्याआधी करावं. कॉटनचं अस्तर मात्र आधी धुतलेलं नसेल तर पहिल्या पाण्यात आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पाडतं. विक्रेत्याला हेही विचारून घ्या, आणि उत्तर नक्की मिळालं नाही तर छातीत अर्धा इंच जास्त सोडा.

एकदा टीप उसवली की ब्लाऊज परत घेत नाहीत. घरी आल्यावर टॅगसकट, जी ब्रा घालणार तीच घालून, हुक लावून आणि दोन्ही हात वर करून बघा. सपाट माप लिस्टिंगशी जुळत नसेल तर टेप ठेवून फोटो काढा आणि आधी तो पाठवा.

विकणाऱ्यांसाठी

‘मार्जिन २ इंच’ ऐवजी एवढं लिहिलं तर परत येणारे ब्लाऊज कमी होतील: ‘तयार छाती ३८ (हुक लावून सपाट १९). खालची पट्टी ३३. बगलेत अस्तरासकट दाब १ इंच, सोडून तयार छाती ४०. ३६ ते ३९ छातीला योग्य. कप काढता येतात, जाडी ८ मिमी. बाही शोल्डरपासून १० इंच, टोकाचा घेर १२, सोडून १३. बाहीला काठ असल्याने लांबी वाढत नाही.’ सोडून होणारी तयार छाती आणि कोणत्या छातीला योग्य, हे दोन आकडे वेगळेच लिहा. दुसरा पहिल्यापेक्षा निदान १ इंचाने कमी असला पाहिजे.